बर्फापासून वाफेपर्यंत : उष्णतेचा टप्प्याटप्प्याने हिशोब

प्रश्न : −२० अंश सेल्सिअसच्या २०० ग्रॅम बर्फाची १२० अंशांची वाफ करायला एकूण किती उष्णता लागेल? मी Q = mcΔT या सूत्रात पाण्याची विशिष्ट उष्माधारकता घालून सुमारे १ लाख १८ हजार ज्यूल काढले, पण दिलेले उत्तर ६ लाखांच्या पुढे आहे. एवढा फरक कुठून येतो?

उत्तर :

वातावरणाचा दाब नेहमीचा, म्हणजे १ ॲटमॉस्फिअर धरला, तर एकूण उष्णता सुमारे ६,१९,००० ज्यूल येते आणि तुम्हाला दिलेले उत्तर बरोबर आहे. तुमच्या आकडेमोडीत चूक नाही. २०० गुणिले ४.२ गुणिले १४० हा गुणाकार १,१७,६०० च येतो. अडचण अशी, की Q = mcΔT हे सूत्र पदार्थ एकाच अवस्थेत असताना आणि त्याचे तापमान बदलत असतानाच लागू पडते. −२० ते १२० या प्रवासात पदार्थ दोनदा अवस्था बदलतो, त्या दोन्ही वेळी उष्णता घेत असूनही त्याचे तापमान जागचे हलत नाही, आणि नेमकी त्या दोन मुक्कामांतच बहुतेक सगळी उष्णता खर्च होते. सूत्रातला ΔT तापमापीवर दिसणाऱ्या बदलाचाच हिशोब ठेवतो, म्हणून हा खर्च तुमच्या उत्तरात आलाच नाही.

आता पाच टप्पे क्रमाने मांडू. बर्फाची विशिष्ट उष्माधारकता २.१, पाण्याची ४.२ आणि वाफेची २.० ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश घेऊ. वितळण्याचा विशिष्ट अप्रकट उष्मा ३३४ आणि बाष्पनाचा २,२६० ज्यूल प्रति ग्रॅम घेऊ. पहिल्या टप्प्यात बर्फ बर्फच राहतो आणि −२० वरून ० अंशावर येतो. त्याला २०० × २.१ × २० = ८,४०० ज्यूल लागतात. दुसऱ्या टप्प्यात ० अंशाच्या बर्फाचे ० अंशाचेच पाणी होते, त्यासाठी २०० × ३३४ = ६६,८०० ज्यूल. तिसऱ्यात पाणी ० वरून १०० अंशांवर जाते, २०० × ४.२ × १०० = ८४,००० ज्यूल. चौथ्यात १०० अंशांच्या पाण्याची १०० अंशांचीच वाफ होते, २०० × २,२६० = ४,५२,००० ज्यूल. पाचव्यात ती वाफ १०० वरून १२० अंशांपर्यंत तापते, २०० × २.० × २० = ८,००० ज्यूल. यांची बेरीज ६,१९,२०० ज्यूल, म्हणजे सुमारे ६१९ किलोज्यूल होते.

या पाच आकड्यांकडे जरा थांबून पाहावे, असे मला मनापासून वाटते, कारण बेरीज करून उत्तराखाली रेघ ओढली की त्यातली खरी गोष्ट निसटते. समजा, १,००० वॅटचा हीटर आहे आणि त्याची सगळी उष्णता या २०० ग्रॅम पदार्थालाच मिळते, इकडेतिकडे काहीही वाया जात नाही. १,००० वॅट म्हणजे सेकंदाला १,००० ज्यूल. मग वरचे आकडे थेट वेळेत वाचता येतात. बर्फ शून्यावर यायला साडेआठ सेकंदही लागत नाहीत, वितळायला सुमारे ६७ सेकंद लागतात, पाणी उकळीला यायला ८४ सेकंद, ते सगळे उकळून जायला ४५२ सेकंद, आणि वाफ तापायला ८ सेकंद. एकूण वेळ १० मिनिटे १९ सेकंद. या ६१९ सेकंदांपैकी जेमतेम १०० सेकंद तापमान वाढत असते आणि उरलेली ५१९ सेकंदे ते एका जागी थांबलेले असते. म्हणजे ८४ टक्के उष्णता अशा काळात गेली, ज्या काळात केवळ तापमापी पाहणाऱ्याला काहीच घडत नाही असे वाटेल.

आलेख काढताना हा वेळेचा हिशोब फार उपयोगी पडतो. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर तापमान घेतले, तर तीन चढत्या रेषा आणि दोन सपाट रेषा मिळतात हे बहुतेकांना ठाऊक असते. पण वह्यांमध्ये मला अनेकदा तिन्ही चढ सारखे आणि दोन्ही सपाट भाग सारख्याच लांबीचे काढलेले दिसतात. प्रत्यक्षात बर्फ सेकंदाला २.४ अंश तापतो, पाणी त्याच्या निम्म्या वेगाने, सेकंदाला १.२ अंश तापते, आणि वाफेचा वेग पुन्हा २.५ अंशांवर जातो. बर्फाची आणि वाफेची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या जवळजवळ निम्मी असते, त्याचेच हे रूप आहे. म्हणून पाण्याची रेषा इतर दोन रेषांपेक्षा कमी उभी असायला हवी, आणि उकळण्याची सपाट रेषा वितळण्याच्या रेषेच्या पावणेसात पट लांब असायला हवी. आलेख असा दिसत नसेल, तर कोणता तरी स्थिरांक चुकीच्या टप्प्यात गेला आहे असे समजावे. सर्वात सामान्य चूक बर्फासाठीही ४.२ घेण्याची असते. ती केली, तर पहिला टप्पा दुप्पट होतो, पण एकूण उत्तरात फक्त सुमारे १.४ टक्क्यांचाच फरक पडतो, आणि म्हणून ती सहज लपून राहते.

वितळताना तापमान थांबते, हे मोजमापाने दाखवण्याचा मान जोसेफ ब्लॅक यांच्याकडे जातो. १७६० च्या दशकाच्या आरंभी, ग्लासगो येथे असताना त्यांनी काचेची दोन सारखी भांडी घेतली. एकात जवळजवळ गोठणबिंदूपर्यंत थंड केलेले पाणी होते आणि दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा बर्फ. दोन्ही भांडी एका मोठ्या दालनात टांगून ठेवली. पाणी अर्ध्या तासात ३३ वरून ४० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ७ अंश तापले. बर्फाच्या भांड्याला वितळून त्याच ४० अंशांवर यायला साडेदहा तास लागले. साडेदहा तासांत एकवीस अर्धे तास येतात. प्रत्येक अर्ध्या तासात ७ अंशांपुरती उष्णता आत आली असे धरले, तर एकूण १४७ अंशांची उष्णता आत गेली. ३२ वरून ४० वर येण्यात त्यातले केवळ ८ अंश दिसले. उरलेले १३९ अंश बर्फ वितळवण्यात गेले. सेल्सिअसमध्ये हे सुमारे ७७ कॅलरी प्रति ग्रॅम होतात, आणि आज आपण ८० घेतो. दोन भांडी, एक घड्याळ आणि एक तापमापी एवढ्यावर आजच्या मूल्याच्या इतके जवळ जाणारा हा प्रयोग मी कधीही कौतुकाशिवाय सांगू शकत नाही. ‘अप्रकट’ उष्मा हे नाव त्याच निरीक्षणातून आले.

चौथा टप्पा एकट्यानेच एकूण उष्णतेचा ७३ टक्के वाटा घेतो, त्यामुळे त्याचे कारण नीट समजून घ्यावे. बर्फातले रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंधांनी जखडलेले असतात. वितळताना ही बांधणी विस्कटते, पण रेणू एकमेकांना सोडत नाहीत. पाण्यातही यातले बहुतेक बंध तुटत आणि पुन्हा जुळत राहतात. वाफ होताना मात्र प्रत्येक रेणूला शेजाऱ्यांपासून पूर्ण सुटावे लागते, आणि म्हणूनच २,२६० हा आकडा ३३४ पेक्षा इतका मोठा आहे. शिवाय १ ग्रॅम पाणी १०० अंशांना सुमारे १ घन सेंटीमीटर जागा घेते, तर त्याच दाबाला तेवढ्याच वाफेला सुमारे १,६७० घन सेंटीमीटर जागा लागते. एवढी जागा करायला भोवतालच्या हवेला मागे ढकलावे लागते, आणि त्या कामातच दर ग्रॅममागे सुमारे १७० ज्यूल जातात. म्हणजे बाष्पनाच्या उष्म्यातला साधारण साडेसात टक्के भाग हवा ढकलण्याचा आणि बाकीचा रेणू सोडवण्याचा.

उत्तर तपासण्याची एक जुनी आणि चांगली रीत म्हणजे तोच हिशोब कॅलरीत करून पाहणे. एका ग्रॅमसाठी बर्फ तापवायला अर्धी कॅलरी गुणिले २०, म्हणजे १०; वितळवायला ८०; पाणी तापवायला १००; वाफ करायला ५४०; आणि वाफ तापवायला पुन्हा साधारण १०. बेरीज ७४० कॅलरी. २०० ग्रॅमसाठी १,४८,००० कॅलरी, आणि त्यांना ४.१८ ने गुणले की पुन्हा ६,१९,००० ज्यूलच्या आसपासच येतो. हा हिशोब तोंडीही करता येतो, म्हणून ज्यूलमधले उत्तर लिहिण्यापूर्वी तो एकदा करावा. पण दोन्ही पद्धती एकाच हिशोबात मिसळू नयेत. अप्रकट उष्मा ८० आणि ५४० घेऊन विशिष्ट उष्माधारकता मात्र ४.२ घेतलेल्या उत्तरपत्रिका मी पुष्कळ तपासल्या आहेत. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. तिथे पाणी तापवण्याचा टप्पा वितळण्याच्या टप्प्याच्या पाचपट मोठा येतो. खरे तर शून्य ते शंभर अंश पाणी तापवायला बर्फ वितळवण्यापेक्षा फक्त पाव भाग जास्त उष्णता लागते.

टप्प्यांची खरी परीक्षा उलट्या प्रश्नात होते. हाच २०० ग्रॅम बर्फ घेऊन त्याला फक्त ३,००,००० ज्यूल दिले, तर शेवटी काय उरेल? इथे थेट सूत्र लावायला जागाच नाही, कारण पदार्थ कुठल्या टप्प्यात थांबणार हे आधी माहीत नसते. म्हणून हातातल्या उष्णतेतून एकेक टप्पा वजा करत जायचे. बर्फ तापवण्याचे ८,४०० गेले, उरले २,९१,६००. वितळण्याचे ६६,८०० गेले, उरले २,२४,८००. पाणी तापवण्याचे ८४,००० गेले, उरले १,४०,८००. पुढच्या टप्प्याला ४,५२,००० लागतात आणि तेवढे हातात नाहीत. म्हणजे प्रवास इथेच, उकळण्याच्या मधोमध संपतो. उरलेल्या १,४०,८०० ज्यूलना २,२६० ने भागले की सुमारे ६२ ग्रॅम येते. तेवढ्या पाण्याची वाफ झाली, सुमारे १३८ ग्रॅम पाणी उरले, आणि दोन्हींचे तापमान १०० अंश आहे.

या प्रश्नात विद्यार्थी बहुधा बर्फ वितळल्यानंतर उरलेले २,२४,८०० ज्यूल घेऊन सरळ तापमान काढतो आणि त्याला सुमारे २६८ अंशांचे पाणी मिळते. नेहमीच्या दाबाला १०० अंशांच्या वर पाणी द्रवरूपात टिकत नाही, तेव्हा हे उत्तरच सांगते की मधला एक थांबा ओलांडून आपण पुढे गेलो. काढलेले तापमान त्या टप्प्याच्या हद्दीबाहेर गेले, की गृहीत चुकले असे मानून मागे यावे. बर्फ आणि वाफ, किंवा बर्फ आणि गरम पाणी एकत्र केल्यावर अंतिम तापमान काय, अशा प्रश्नांनाही हीच कसोटी लागते.

आता पाचव्या टप्प्याविषयी थोडे सावधपणे बोलायला हवे, कारण कागदावर तो सर्वात सोपा दिसतो आणि प्रत्यक्षात तोच उघड्या भांड्यात करून दाखवता येत नाही. भांड्यात पाणी शिल्लक आहे तोवर वाफ १०० अंशांचीच निघते आणि निघताक्षणी भांड्याबाहेर जाते. तिला १२० अंशांपर्यंत तापवायचे, तर ती पाण्यापासून वेगळी काढून तापलेल्या नळीतून न्यावी लागते. बॉयलरमध्ये सुपरहीटर हेच काम करतो. तेव्हा ‘१२० अंशांची वाफ’ म्हटल्यावर आपला पाच टप्प्यांचा हिशोब गृहीत धरतो की सगळे पाणी आधी संपले, आणि नंतर त्याच दाबाला वाफ तापली.

घरातल्या प्रेशर कुकरमध्येही सुमारे १२० अंशांची वाफ असते, पण तिचा मार्ग निराळा आहे. तिथला दाब जवळजवळ २ ॲटमॉस्फिअर असतो, त्यामुळे पाणी १०० वर न उकळता १२० पर्यंत पाणी म्हणूनच तापते आणि मग त्याची १२० अंशांचीच वाफ होते. त्या तापमानाला बाष्पनाचा अप्रकट उष्मा सुमारे २,२०० ज्यूल प्रति ग्रॅमपर्यंत उतरलेला असतो. दोन्ही मार्गांची बेरीज केली, तर दर ग्रॅमला साधारण १० ज्यूलचाच फरक पडतो, पण टप्पे वेगळे आणि स्थिरांकही वेगळे. म्हणून प्रश्नात दाब दिला नसेल, तर १ ॲटमॉस्फिअर धरल्याचे उत्तरात स्पष्ट लिहावे.

उंचीवरही असाच बदल होतो, फक्त उलट दिशेने. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे, आणि तिथे पाणी ९५ ते ९६ अंशांच्या आसपास उकळते. मग पाणी तापवण्याच्या टप्प्यात दर ग्रॅमला सुमारे १९ ज्यूल वाचतात. पण कमी तापमानाला वाफ करायला सुमारे १२ ज्यूल जास्त लागतात, आणि ती वाफ पुढे १२० पर्यंत न्यायला आणखी ९. एकूण बेरीज जवळजवळ जिथल्या तिथे राहते. टप्प्यांच्या सीमा सरकल्या तरी एकूण खर्चात फारसा फरक पडत नाही, हे मला या विषयातले एक फार सुंदर निरीक्षण वाटते.

हे आकडे प्रयोगशाळेत पडताळायचे असतील, तर चौथ्या टप्प्यापासून सुरुवात करावी. तो सर्वात मोठा आहे आणि त्यातले नुकसान हिशोबात धरता येते. झाकण उघडे ठेवलेल्या भांड्यात विजेची कॉइल सोडून ते तराजूवर ठेवायचे, पाणी चांगले खळखळून उकळू लागले की वजन आणि वेळ टिपायची, आणि ठरावीक वेळाने पुन्हा वजन घ्यायचे. समजा, १,००० वॅटवर ३ मिनिटांत ७२ ग्रॅम पाणी गेले. दिलेली उष्णता १,८०,००० ज्यूल, तेव्हा अप्रकट उष्मा २,५०० ज्यूल प्रति ग्रॅम येतो. हा जास्त आहे, कारण भांड्याच्या अंगातून हवेत गेलेली उष्णताही आपण पाण्याच्या नावावर मांडली. आता डिमरस्टॅटने शक्ती ६०० वॅटवर आणून तीच ३ मिनिटे घेतली आणि ४० ग्रॅम पाणी गेले, तर उत्तर २,७०० येते, म्हणजे चूक आणखी वाढली. शक्ती कमी केल्यावर चूक वाढते, हीच नुकसानाची ओळख आहे. पण दोन्ही वेळा भांडे १०० अंशांवरच होते, म्हणून दोन्ही वेळा हवेत गेलेली उष्णता सारखीच असणार. मग दोन प्रयोगांतल्या उष्णतांच्या फरकाला, म्हणजे १,८०,००० वजा १,०८,००० = ७२,००० ज्यूलना, वजनांच्या फरकाने, म्हणजे ३२ ग्रॅमने भागले की २,२५० येते आणि नुकसान आपोआप वजा होते.

याच्या उलट, उत्तर २,२६० पेक्षा बरेच कमी येत असेल, तर वाफेबरोबर पाण्याचे शिंतोडे उडत आहेत असे समजावे. ते पाणी वाफ न होताच वजनातून गेलेले असते. भांडे अर्ध्यापेक्षा जास्त भरलेले असले की हे हमखास घडते. वितळण्याच्या प्रयोगात याच जातीची चूक ओल्या बर्फामुळे होते. फ्रीझरमधून काढलेल्या २०० ग्रॅम बर्फावर १० ग्रॅम पाणी आधीच असेल, तर ३,३४० ज्यूलचे काम आपण न मोजताच झालेले असते. म्हणून शून्य अंशाचा बर्फ वापरायचा, तर तो टिपकागदाने कोरडा करून लगेच टाकावा. −२० अंशांचा बर्फ वापरायचा, तर तो उघड्यावर रेंगाळू देऊ नये, कारण त्याचे तापमान तोवर −२० राहिलेले नसते.

शेवटची मर्यादा स्थिरांकांची. आपण बर्फासाठी सगळीकडे २.१ घेतले, पण विशिष्ट उष्माधारकता तापमानाबरोबर बदलते. बर्फाची शून्याजवळ सुमारे २.१ असते, −२० ला सुमारे १.९५ आणि −१०० ला जेमतेम १.४ उरते. −२० पासून सुरुवात असेल, तर सरासरी मूल्य घेतल्याने पहिल्या टप्प्यात दोनतीनशे ज्यूलचा फरक पडतो आणि ६ लाखांच्या उत्तरात तो दुर्लक्षिता येतो. −१०० पासून सुरुवात असेल, तर मात्र २.१ चालणार नाही. तेव्हा तापमानाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकाचे मूल्य वेगळे घ्यावे, किंवा दोन टोकांची सरासरी, सुमारे १.७५, वापरावी. पाण्याच्या बाबतीत ० ते १०० दरम्यान हा बदल एक टक्क्याच्या आसपासच असल्यामुळे तिथे ४.२ निश्चिंतपणे घ्यायला हरकत नाही. आणि तुमच्या प्रश्नाचे अंतिम उत्तर ६,१९,२०० असे सहा अंकी न लिहिता ६१९ किलोज्यूल किंवा ६.२ × १०⁵ ज्यूल असे लिहावे, कारण वापरलेल्या स्थिरांकांची अचूकता दोन-तीन अंकांपुरतीच आहे.